डॉक्युसेट ही मल मऊ करायची गोळी काही महिने वापरून बघितली, बाबांचा अनुभव लिहितोय

बाबा सत्तरीच्या पुढचे, निपाणीकडं शेती. गुडघ्यासाठी ट्रामाडॉल सुरू झालं आणि संडासला होईनाच बगा. हे ओपिऑइड गटातलं, म्हणजे अफूच्या जातीचं दुखणं मारणारं औषध, आतड्याची हालचालच मंद करतं, मग मल आत पडून राहतो, मोठं आतडं त्यातलं पाणी ओढून घेतं आणि खडा होतो. त्यात बाबांना जुनी मूळव्याध, कुंथून कुंथून घाम फुटायचा. डॉक्टरांनी रात्री सेनाच्या, म्हणजे आतड्याला हलवणाऱ्या सोनामुखीच्या गोळ्या आणि त्याबरोबर डॉक्युसेट १०० मिग्रॅ लिहून दिलं. लागू पडलं की, सकाळी व्हायला लागलं, कुंथणं कमी झालं, आणि घरात सगळं श्रेय डॉक्युसेटला, कारण "मऊ करणारी गोळी" म्हणून तीच सगळ्यांच्या लक्षात राहिलेली.

मग एक नातेवाईक येऊन सांगून गेले, सेनाची सवय लागते, बंद करा. बाबांनी सेना सोडली, डॉक्युसेट तेवढं चालू ठेवलं. पुढच्या काही दिवसांत पोट फुगलं, पुन्हा तेच खडे. गोळी रोज वेळेवर जात होती, पाणीही भरपूर पीत होते, तरी मऊपणाचा पत्ता नाही. म्हणजे काम कुणाचं होतं ते तिथंच कळलं.

बेळगावला पोटाच्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, "डॉक्युसेट नाही घेतलं तरी चालतंय, सेना परत सुरू करा." कारण पण नीट समजावलं. डॉक्युसेट हे साबणाच्या जातीचं, तेलकट भांड्यावर साबण लावल्यावर जसं पाणी धरतं तसं मलात पाणी आणि चरबी शिरावी अशी कल्पना. प्रयोगशाळेत ते पटतंय. पण पोटात आतडं दिवसाला कितीतरी लिटर द्रव सोडतं आणि परत शोषून घेतं, त्यात एवढीशी गोळी कितपत पुरणार? आणि हालचाल मंद झाली असेल तर मल पुढं ढकलायला या औषधात फारसं काहीच नाही.

नंतर मी वाचलं तर अभ्यासही हेच सांगतात. १९९८ साली जुनाट बद्धकोष्ठतेच्या १७० लोकांवर इसबगोल आणि डॉक्युसेटची तुलना झाली, दोन आठवडे. इसबगोलनं मलातलं पाण्याचं प्रमाण २.३३ टक्क्यांनी वाढलं, डॉक्युसेटनं ०.०१. म्हणजे नाहीच की! आणि २०१३ चा कॅनडातला अभ्यास तर अगदी बाबांच्या केससारखा, हॉस्पिसमधले, म्हणजे शेवटच्या आजारातले ७४ पेशंट, सगळ्यांना सेना, निम्म्यांना सोबत डॉक्युसेट आणि निम्म्यांना नकली गोळी, १० दिवस. दोन्ही गटांत म्हणावा असा फरकच निघाला नाही.

मग डॉक्टर अजून देतात का? देतात, आणि सगळेच काही उगाच देत नाहीत. बाळंतपणात टाके पडलेत, मूळव्याधीचं किंवा फिशरचं ऑपरेशन झालंय, हार्टच्या पेशंटला कुंथू द्यायचं नाहीय, अशा ठिकाणी जुन्या रिवाजानं लिहिलं जातं. त्रास फारसा देत नाही, कधी थोडी पोटात कळ, कधी पातळ होतं, एवढंच. कानातला कडक मळ सैल करायला थेंब म्हणूनही वापरतात, ते वेगळंच काम. माझं मत असं की मुळात ज्याचा मल थोडासा कडक आहे आणि फक्त कुंथणं टाळायचंय त्यानं घेतलं तर घेवो, पण ओपिऑइडमुळं किंवा जुनाट बद्धकोष्ठतेत नुसत्या डॉक्युसेटवर बसून राहिलं तर खरा उपाय लांबतो, हाच याचा मोठा तोटा.

बाबांना आता सेना रात्री, आणि गरज पडली तर पॉलिथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात कालवून, ती आतड्यात पाणी धरून ठेवते. इसबगोल मी स्वतःहून देणार होतो तर डॉक्टरांनी अडवलं, ओपिऑइड चालू असताना आतडं मंद असतं, भुसा आत फुगून अडकू शकतो, वरून पाणी कमी पडलं तर विचारायलाच नको. ट्रामाडॉल सुटलं की मग इसबगोल घ्या म्हणाले, मोठ्ठा ग्लासभर पाण्याबरोबर.

अजून एक, आमच्याकडं पोट साफ व्हायला लिक्विड पॅराफिन पाजायची पद्धत आहे, ते आणि डॉक्युसेट एकत्र देऊ नका, डॉक्युसेटमुळं ते तेल शरीरात जास्त शोषलं जातं. आणि उलटी, पोट टणक फुगणं, गॅसही न सुटणं, असं काही झालं तर कुठलीच गोळी देत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.