आठ महिने कानामागचं मशीन : ओवीचा पाऊस आणि तांबट

मार्चमध्ये ओवीला दोन्ही कानांना मशीन लागलं. तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. ऐकण्याच्या बेरा तपासणीत कळलं की खालच्या पट्टीचे आवाज तिला थोडेफार येतात, पण पट्टी जसजशी चढेल तसतसं ऐकणं झपाट्याने कमी होतं. ‘स’ उंच पट्टीचा, म्हणून ‘साखर’ला ती ‘आखर’ म्हणायची. आम्ही इतके दिवस त्याला बोबडं बोलणं समजत होतो.

पहिल्या आठवड्यात तिने मशीन किती वेळा ओढून काढलं ते विचारू नका. एकदा कणकेच्या परातीत सापडलं. मग दोरीची क्लिप लावून ते फ्रॉकला अडकवलं. सुरुवातीला सकाळी अर्धा तास, मग रोज थोडं थोडं वाढवत दिवसभर. यात घाई करून उपयोग नाही.

एप्रिलच्या भर दुपारी ती अंगणातून धावत आली. ‘आई, कोण ठोकतंय?’ आमच्याकडे बाजूला यंत्रमागाची खडखड चालू असते, मला वाटलं तिला तेच ऐकू आलं. पण ती वर पिंपळाकडे बोट दाखवत होती. तांबट! टुक टुक टुक, एका लयीत. तांब्याची भांडी ठोकणाऱ्यासारखा आवाज म्हणून त्याचं हे नाव, आणि माझी पोर नेमकं तेच विचारत होती. पानांत तो मला दिसेना, तिलाही दिसेना, तरी आवाज कुठून येतोय हे तिला कळलं होतं. ऑडिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, दोन्ही कानांना मशीन असल्याचा हा फायदा. एकाच कानाला असतं तर आवाज आला असता, पण दिशा कळणं अवघड गेलं असतं.

शिंजिराचं मात्र तसं झालं नाही. जास्वंदीवर तो रोज येतो. ओवीला चोच हलताना दिसायची, आवाज नाही. ‘हा गप्प पक्षी आहे,’ असं ती आज्जीला सांगायची. त्याचा आवाज बराच बारीक आणि उंच पट्टीचा. त्या पट्टीत हिचं ऐकणं सगळ्यात कमी, आणि मशीनची ताकदही तिथे कमी पडते. मॅडमनी नंतर उंच आवाज थोडे खालच्या पट्टीत आणणारं सेटिंग चालू केलं. आता दोन-तीन पावलांवर असला तर ती मान वळवते. भिंतीवर बसला तर नाही.

पावसाचं तर वेगळंच. पत्र्यावर धो-धो पडला की पूर्वीही तिला काहीतरी घुमल्यासारखं जाणवायचं. मशीन लावून पहिला मोठा पाऊस आला तेव्हा ती दचकली, दोन्ही हात कानांवर. पण थोड्याच वेळात हात खाली आले आणि म्हणाली, ‘गेला.’ बाहेर तर कोसळतच होता! एकसारखा चालणारा आवाज मशीनला गोंगाट वाटतो आणि ते त्याला दाबतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मॅडमनी ते दाबणं कमी केलं. तिला खरा पाऊस कळला तो मात्र सर ओसरल्यावर, पत्र्याच्या कडेवरून बादलीत पडणाऱ्या थेंबांनी. टप्. थांबून टप्. बादलीशेजारी उकिडवी बसून ती प्रत्येक थेंबाला मान हलवत होती.

आता तक्रारी. पावसाळ्यात ओल किती त्रास देते हे आम्हाला जिथून मशीन घेतलं तिथे कोणी सांगितलंच नाही. कानात बसणाऱ्या मोल्डच्या बारीक नळीत पाण्याचा थेंब साचला की मशीन चालू असूनही आवाज बंद. रबरी फुग्याने फुंकर मारायची आणि रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, बॅटरीचं झाकण उघडं ठेवून. उन्हात अजिबात वाळवू नका. ऑगस्टमध्ये शिट्टी वाजू लागली. मशीन बिघडलं वाटलं, पण पोरीचा कान वाढला होता आणि मोल्ड सैल झाला होता. नवा मोल्ड केला, शिट्टी गेली. नारिंगी स्टिकरची १३ नंबरची बॅटरी आमच्याकडे दहा-बारा दिवस जाते. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायची. बॅटरीच्या झाकणाला लॉक मागून घ्या, लहान मूल गिळू शकतं.

रोज सकाळी तिच्या पाठीमागे उभी राहून मी आ, ऊ, ई, म, श, स म्हणते, ती ऐकून परत म्हणते. ‘स’ चुकला की आधी नळी बघायची, मग बॅटरी.

सप्टेंबरमधली गोष्ट. पहाटे पावसाच्या गारव्याने तिला जाग आली. मशीन डबीत होतं. मला हलवून म्हणाली, ‘आई, पाऊस लाव.’ मी उठून दोन्ही मशीन लावेपर्यंत पाऊस थांबला होता. तिने जरा वेळ कान दिला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, ‘बिघडलंय.’ मग त्या अंधारातच तिच्या मागे बसून मी आ, ऊ, ई पासून सुरुवात केली. सहाही बरोबर आले. ‘स’सुद्धा.