कापलेल्या चार्टवर मिळालेले मत आणि माझे 1,12,000 रुपये

पेड ग्रुप, हिरवे बाण, नफ्याचे स्क्रीनशॉट आणि ‘आजच्या दिवसापुरती सवलत’ हा प्रकार कसा चालतो, हे वाचणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असेल, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. मला सांगायचे आहे ते त्या चार्टांविषयी, कारण माझी फसवणूक झाली ती चार्टवरून, आणि त्या चार्टावर जे छापलेलेच नव्हते त्यामुळे झाली.

रकमा आधी सांगतो. ग्रुपची फी 15,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 17,700 रुपये दिले; पावतीवर जीएसटी क्रमांकाची जागा कोरी होती, हे जाता जाता नोंदवतो. पुढे ‘व्यक्तिगत मार्गदर्शना’साठी 29,500 रुपये दिले. त्या मार्गदर्शनानुसार घेतलेल्या ऑप्शनमध्ये 64,800 रुपये गेले. एकूण 1,12,000. मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात आयुष्यभर नोकरी केली आहे. तारीख नसलेले व्हाउचर माझ्या टेबलावरून कधी पुढे गेले नाही, त्यामुळे ‘लोभी माणूस फसतोच’ हे ऐकवणाऱ्यांनी कृपया थांबावे. मी कुठलाही हमखास परतावा मागितला नव्हता. माझ्याकडे एका मध्यम आकाराच्या कंपनीचे 400 शेअर होते, ते ठेवावे की विकावे, एवढाच माझा प्रश्न होता.

तो प्रश्न मी असा विचारला: मोबाइलवर चार्ट उघडला, स्क्रीनशॉट घेतला, वरची पट्टी, उजवीकडचे आकडे आणि खालची बटणे कापून टाकली आणि लिहिले, ‘सर, यावर आपले मत काय?’ चहाचा कप रिकामा होण्याआधी उत्तर आले: ‘कित्येक महिन्यांचा बेस तुटला आहे. जबरदस्त ब्रेकआउट. शेअर ठेवा, आणि याचा कॉल घ्या.’ बेस म्हणजे भाव एका पट्ट्यात अडकून राहिल्याचा काळ आणि ब्रेकआउट म्हणजे भाव त्या पट्ट्याच्या वर निघणे.

या जागी मला थांबायला हवे होते, आणि ती जागा आठवली की आजही संताप होतो. त्या माणसाने मला एकही प्रश्न विचारला नाही. कंपनी कोणती, हे विचारले नाही. चित्रातले नाव तर मीच कापले होते. एक कँडल, म्हणजे चार्टवरचा एक उभा ठोकळा, किती वेळाची, हेही विचारले नाही. ज्याला खरोखर मत द्यायचे आहे, त्याला या दोन गोष्टी कळल्याशिवाय तोंड उघडताच येत नाही.

पैसे बुडाल्यावर पुतण्याला तेच चित्र दाखवले. तो काही क्षण पाहत राहिला आणि म्हणाला, “काका, हा चार्ट कशाचा आहे? आणि किती मिनिटांचा?” मी म्हटले, रोजचा असणार. त्याने माझाच मोबाइल घेतला, ॲप उघडले आणि वरच्या कोपऱ्यात बोट ठेवले. तिथे `5m` असे होते. ॲपने मागच्या वेळची टाइमफ्रेम तशीच धरून ठेवली होती. बाजार सकाळी 9:15 ते दुपारी 3:30, म्हणजे 375 मिनिटे चालतो. पाच मिनिटांच्या कँडलने मोजले तर दिवसाच्या 75 कँडल होतात. ‘सरांनी’ ज्याला कित्येक महिन्यांचा बेस म्हटले, तो एका दिवसाचा सकाळपासून दुपारपर्यंतचा काळ होता. तेवढ्याच 75 कँडल रोजच्या चार्टवर साडेतीन महिन्यांच्या होतात आणि आठवड्याच्या चार्टवर जवळजवळ दीड वर्षाच्या. आकार तिन्हींत एकसारखा दिसू शकतो. टाइमफ्रेम लिहिलेली नसेल, तर त्या आकाराला अर्थच उरत नाही.

पुतण्याने `1D` दाबले. माझा तो डोंगर नाहीसा झाला. त्याच्या जागी एक छोटी हिरवी कँडल राहिली आणि तिच्या डावीकडे 784 वरून 610 पर्यंतची साडेतीन महिन्यांची घसरण उभी राहिली, म्हणजे 22 टक्क्यांची.

मोजपट्टीचा घोळ याहून वाईट होता. चार्टचे ॲप जो भाव समोर आहे तोच पडद्याच्या तळापासून टोकापर्यंत ताणून दाखवते. माझ्या चित्रात तळ 610 चा आणि टोक 622 चे होते. अख्ख्या चित्राची उंची बारा रुपये, म्हणजे जेमतेम दोन टक्के. उजवीकडचे आकडे मी कापले नसते तर हे मलाही दिसले असते. मला घ्यायला लावलेला कॉल 640 स्ट्राइकचा, म्हणजे एक्स्पायरीला, मुदत संपण्याच्या दिवशी, शेअर 640 ला घेण्याचा हक्क होता; प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, शेअरमागे 18 रुपये, 900 शेअरचा लॉट, असे चार लॉट. प्रीमियम वसूल होऊन बरोबरीत यायलाच शेअर एक्स्पायरीला 658 वर हवा होता, म्हणजे 622 वरून आणखी 36 रुपये वर. ज्या चित्राच्या जोरावर हा सौदा सुचवला, त्याच्या तिप्पट उंचीची उडी उरलेल्या अडीच आठवड्यांत लागणार होती. शिवाय तिमाही निकाल चार दिवसांवर होते, आणि निकालाआधी प्रीमियम अपेक्षेने फुगलेला असतो. निकाल लागला, शेअर 588 वर आला आणि एक्स्पायरीला कॉलची किंमत शून्य झाली.

मी जाब विचारला तेव्हा त्याने त्याच कंपनीचा 2020 पासूनचा चार्ट पाठवला आणि त्यावर एक सरळ रेघ ओढून ‘दीर्घकालीन सपोर्ट शाबूत आहे, शेअर सपोर्टच्या कितीतरी वर आहे’ असे लिहिले. सपोर्ट म्हणजे घसरता भाव जिथे टेकून थांबतो ती पातळी. हे वाचून मी काही दिवस गप्प बसलो, याची मला सर्वांत जास्त लाज वाटते. त्या रेघेतली गोम पुतण्याने दाखवली. रेघ दोन तळांतून जात होती: मार्च 2020 चा 100 चा तळ आणि त्यानंतर अडीच वर्षांनी 260 चा. साध्या मोजपट्टीवर दर रुपयाला सारखी उंची असते, म्हणून अडीच वर्षांत 160 रुपये चढलेली रेघ पुढच्या अडीच वर्षांत आणखी 160 चढून 420 वर पोहोचते. लॉग मोजपट्टीवर सारख्या टक्क्याला सारखी उंची असते. तिथे 100 चे 260 म्हणजे 2.6 पट, आणि पुढे 260 ची 2.6 पट 676 होते. शेअर होता सहाशेच्या आसपास. म्हणजे एका मोजपट्टीवर तो सपोर्टच्या पावणेदोनशे रुपये वर होता आणि दुसरीवर सपोर्ट केव्हाच तुटला होता. शेअर एकच, तळ तेच, निष्कर्ष मात्र उलटे. काही आठवड्यांच्या चार्टवर हा फरक जाणवत नाही. भाव कित्येक पटींनी बदललेल्या चार्टवर मोजपट्टी सांगितल्याशिवाय रेघेविषयी बोलणे व्यर्थ आहे.

त्याने ग्रुपवर टाकलेली ‘एका दिवसात 125 टक्के’ ही चित्रेही नंतर पाहिली. त्यातले एक शेअरचे नव्हतेच. ते एका दूरच्या स्ट्राइकच्या ऑप्शनचे, एक्स्पायरीच्या दिवसाचे होते. प्रीमियम चार रुपयांवरून नऊवर गेला होता. ऑप्शनचे आयुष्य ठरलेले असते आणि त्याचा प्रीमियम रोज झिजतो, त्यामुळे त्याच्या चार्टवरचे सपोर्ट, बेस वगैरे शेअरच्या चार्टसारखे वाचता येत नाहीत. चित्र शेअरचे, फ्यूचरचे की ऑप्शनचे, आणि ऑप्शनचे असल्यास कोणत्या स्ट्राइकचे व कोणत्या एक्स्पायरीचे, हे लिहिलेले नसेल तर ते चित्र बाजूला सारा.

नाव, काळ आणि आकडे हे लोक मुद्दाम का कापतात, ते मला तक्रार करताना कळले. बँकेच्या शाखेत सांगितले की पैसे तुम्ही स्वतः पाठवले, त्यामुळे शाखा काही करू शकत नाही, पोलिसांत जा. ठाण्यात सांगितले की हे सायबरचे काम आहे. सायबरच्या टेबलावरचे साहेब रजेवर होते, पुढच्या खेपेस बंदोबस्तावर होते, आणि भेटले तेव्हा म्हणाले की 64,800 तुमच्या ब्रोकरच्या खात्यातून तुमच्याच हाताने गेले, तो बाजारातला तोटा आहे. तक्रार घ्यायचीच तर 47,200 ची घेऊ. मी सर्व चित्रांचे प्रिंट जोडले होते. ते उलटत त्यांनी विचारले, “यावर कंपनीचे नाव नाही, तारीख नाही. या माणसाने नक्की कशाबद्दल खोटे सांगितले, हे मी कसे दाखवू?” खरे सांगतो, मला उत्तर देता आले नाही. निनावी चार्टावरचे मत कधीच चुकीचे ठरवता येत नाही, आणि त्याचा धंदा त्यावरच उभा आहे. पण एवढे बरोबर बोलणाऱ्या त्या साहेबांनी पोच द्यायला मला आणखी तीन खेपा घालायला लावल्या, हेही लिहून ठेवतो. पैसे गेल्याचे कळताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी आधी शाखेत रांगेत उभा राहिलो आणि त्यात पहिला दिवस गेला.

त्याने सांगितलेला सेबीचा नोंदणी क्रमांक INH ने सुरू होणारा, म्हणजे रिसर्च ॲनालिस्टचाच होता. फक्त तो भलत्याच व्यक्तीचा होता. सेबीच्या संकेतस्थळावरील यादीत क्रमांकासमोर नाव असते. ते नाव आणि ज्या खात्यात पैसे मागितले त्याचे नाव जुळत नसेल, तर पैसे पाठवू नका.

माझा प्रश्न मुळात कसा असायला हवा होता, ते पुतण्याने बसून माझ्याकडून लिहून घेतले: ‘अमुक कंपनी, एनएसई, रोख बाजारातील शेअर. रोजची कँडल, दोन वर्षांचा चार्ट, लॉग मोजपट्टी, बोनस आणि विभाजनाची दुरुस्ती केलेले भाव, भावाचे आकडे उजवीकडे दिसत आहेत. माझ्याकडे 540 च्या भावाने घेतलेले 400 शेअर आहेत. निकाल चार दिवसांवर आहेत. पैसे दिवाळीनंतर घराच्या कामाला लागणार आहेत. निकालापूर्वी निम्मे विकणे योग्य आहे का, आणि कोणत्या भावाखाली बंद झाल्यास उरलेले विकावे?’ दुरुस्तीचा उल्लेख विसरू नका. एकास एक बोनसनंतर दुरुस्ती न केलेल्या चार्टवर भाव एका दिवसात निम्मा झालेला दिसतो आणि ती घसरण मुळी घडलेलीच नसते. हा प्रश्न लिहिताना माझ्या लक्षात आले की निकाल आणि दिवाळी या दोन गोष्टींनीच अर्धे उत्तर दिले होते. चार दिवसांवर निकाल आणि काही महिन्यांत पैशांची गरज असलेल्या माणसाला कॉल घ्यायला सांगणारा चार्ट जगात नसतो.

तक्रारीला पूरक अर्ज देण्यासाठी आम्ही त्याची जुनी चित्रे खऱ्या चार्टांशी ताडून पाहत आहोत. ऑप्शनचे ते एक चित्र ओळखता आले. स्ट्राइक, तारीख आणि टाइमफ्रेम त्याच्या प्रिंटखाली लिहून ठेवली आहे. दोन चित्रे अजून लागत नाहीत. त्या ग्रुपमध्ये जे होते आणि ज्यांच्याकडे त्यांची न कापलेली प्रत आहे, त्यांनी ती डिलीट न करता आपापल्या तक्रारीला जोडावी.