मूळ की कळी? कांद्याच्या पेशीतली दोन विभाजनं शेजारी ठेवून

सूत्री आणि अर्धगुणसूत्री विभाजनाचा तक्ता बहुतेक वह्यांत ‘दोन पेशी, चार पेशी’ इथून सुरू होतो. पण प्रॅक्टिकलला समोर एकच पेशी असते. तिच्यापासून पुढे किती पेशी होणार होत्या, हे स्लाइडवर दिसत नाही. दिसते ती गुणसूत्रांची मांडणी, म्हणून तक्ताही तिथूनच सुरू करा. कांदा घेऊ. त्याच्या मुळाच्या पेशीत 16 गुणसूत्रं असतात.

| | सूत्री (मुळाचं टोक) | अर्धगुणसूत्री I (परागकोश) | अर्धगुणसूत्री II |
|---|---|---|---|
| मध्यावस्थेत | 16 सुटी | 8 जोड्या | 8 सुटी |
| काय वेगळं होतं | क्रोमॅटिड | समजात गुणसूत्रं | क्रोमॅटिड |
| प्रत्येक ध्रुवाकडे | 16 एकेरी | 8 दुहेरी | 8 एकेरी |

सगळ्यात जास्त चूक होते ती शेवटच्या ओळीत. संख्या दुसऱ्या विभाजनात निम्मी होते असं अनेक जण लिहितात. तसं नाही. पहिल्याच पश्चावस्थेत 16 ची 8 होतात, फक्त त्या आठांतलं प्रत्येक गुणसूत्र अजून दोन क्रोमॅटिडचं असतं. डीएनए मात्र दोन्ही वेळा निम्मा होतो: चार वाटे, मग दोन, मग एक. सूत्री विभाजनात चाराचे दोन झाले की काम संपतं.

खरा गोंधळ पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात होतो, कारण दोन्हीकडे क्रोमॅटिडच सुटतात. तिथे मोजण्याला पर्याय नाही. दाबलेल्या पेशीत गुणसूत्रं एकमेकांवर चढतात आणि 16 ची 14 वाटतात, त्यामुळे एका पेशीवर निकाल देऊ नका, चार-पाच पेशी मोजा. शेजारही पाहा. मुळात शेजारच्या पेशी वेगवेगळ्या अवस्थांत सापडतात. परागकोशात मात्र दोन पेशी चिकटून, बहुधा एकाच अवस्थेत दिसतात, कारण त्या एकाच मातृपेशीच्या असतात. आणि नुसते परागकणच दिसले, तर कळी मोठी निवडली गेली. त्याच गोंड्यातली आणखी लहान, हिरवी कळी घ्या.

आता संकल्पना नकाशा. सर्वांत वर ‘डीएनए दुप्पट’ लिहा, कारण तिथपर्यंत वाट एकच आहे. त्याखाली फाटा काढून प्रश्न लिहा: समजात गुणसूत्रांच्या जोड्या जुळल्या का? ‘नाही’चा बाण सूत्री विभाजनाकडे जातो. ‘हो’चा बाण आधी जनुकांच्या देवाणघेवाणीकडे, मग पहिल्या अर्धगुणसूत्री विभाजनाकडे. तिथून दुसऱ्याकडे जाणाऱ्या बाणावर ‘मध्ये डीएनए दुप्पट होत नाही’ हे लिहायला विसरू नका. हा बाण कोरा राहिला की वरचा चार-दोन-एकचा हिशेब जुळत नाही. शेवटी दुसऱ्या विभाजनापासून सूत्री विभाजनाकडे एक तुटक रेघ ओढा आणि तिच्यावर लिहा: रीत तीच, गुणसूत्रं निम्मी.