मानेची नस दबलीय: आत्ताच ऑपरेशन की सहा आठवडे थांबायचं?

मानेतून हातात कळ जातेय, एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसतेय आणि घरात दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते करून टाका एकदाचं, दुसरी म्हणते मानेला हात लावू देऊ नका. मी पुण्यात फिजिओ आहे आणि माझं मत आधीच सांगते, हे नुसता रिपोर्ट वाचून ठरत नाही, हात तपासून ठरतं.

वाकडचे एक पेशंट घ्या, वय ४३, हिंजवडीत जॉब, रोज टू-व्हीलर. तीन आठवडे उजव्या पाठीच्या पात्यापाशी ठणका, खड्ड्यात गाडी आदळली की दंडाच्या मागून खाली कळ आणि मधल्या बोटाला मुंग्या. एमआरआयमध्ये दोन गोष्टी लिहिलेल्या: सी५-६ ला, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये, बल्ज म्हणजे गादी फुगलेली, आणि सी६-७ ला उजवीकडे, नस जिथून बाहेर पडते त्या भोकाशी, गादी सरकलेली. बायको म्हणाली, "मॅडम, मग दोन्हीकडचं ऑपरेशन करावं लागणार का?"

मानेत सी७ पर्यंतची नस आपल्याच नंबरच्या मणक्याच्या वरून बाहेर पडते, म्हणजे सी५-६ ची गादी सी६ नस दाबते आणि सी६-७ ची गादी सी७. सी६ असेल तर साधारण अंगठा आणि तर्जनी बधिर, कोपर वाकवायला नि मनगट वर उचलायला ताकद कमी. सी७ असेल तर मधलं बोट, आणि कोपर सरळ करायला त्रास. बोटांची वाटणी माणसागणिक थोडी सरकते, त्यामुळे मी ताकदीवर जास्त विसंबते. त्यांना म्हटलं वाकवलेलं कोपर सरळ करत माझा हात ढकला, डाव्याने मला मागे सारलं, उजवा मात्र थोडा जोर लावून लगेच सुटला. कोपर वाकवताना दोन्ही हात सारखे. हातोडीने ट्रायसेप्सचा, म्हणजे कोपर सरळ करणाऱ्या दंडामागच्या स्नायूचा, झटकाही उजवीकडे मंद. म्हणजे सी७.

मग स्पर्लिंग टेस्ट. मान मागे न्यायची, दुखऱ्या बाजूला कलवायची आणि डोक्यावर वरून हळूहळू दाब द्यायचा. यात नसेचं भोक अरुंद होतं. त्यांची कळ थेट हातात उतरली, ती टेस्ट पॉझिटिव्ह, तिथेच दाब सोडायचा. नुसती मान दुखली तर ती पॉझिटिव्ह धरत नाहीत. आणि निगेटिव्ह आली म्हणून नस मोकळी आहे असंही नाही, ही टेस्ट बऱ्याच जणांना हुकवते. घरी कुणी करून बघू नका, मार लागलेला असेल, संधिवाताने मणके सैल झाले असतील किंवा मज्जारज्जू दबल्याची शंका असेल तर ही करायचीच नाही.

आता तो सी५-६ चा बल्ज. हातात त्याची एकही खूण नाही. काहीच दुखत नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही असे बल्ज भरपूर सापडतात, म्हणून तक्रार, तपासणी आणि फोटो तिन्ही एकाच नसेकडे बोट दाखवतायत का हे बघायचं. साध्या एक्स-रेत नस दिसत नाही, पेसमेकरमुळे एमआरआय जमत नसेल तर सीटी मायलोग्राम, म्हणजे मणक्याच्या पोकळीत डाय सोडून सीटी स्कॅन, करतात.

थांबायचं की करायचं? ताकद थोडीच कमी आहे आणि घसरत नाहीये, तर सहा ते बारा आठवडे थांबणं मला योग्य वाटतं, कारण बहुतेकांची कळ गोळ्या आणि व्यायामावर उतरते. ऑपरेशनने आराम लवकर मिळतो हे खरंच आहे, पण वर्षभरानंतर दोघांतला फरक पुष्कळ कमी होतो. समोरून केलेल्या ऑपरेशननंतर काही दिवस गिळायला त्रास, आवाज बसणं हे बऱ्यापैकी होतं. उलट इतके आठवडे उलटूनही कळ झोपू देत नसेल आणि एमआरआय जुळत असेल, तर आणखी ताणण्यात मला अर्थ दिसत नाही. ताकद दर आठवड्याला घसरत असेल तर तेवढंही थांबायचं नाही, लगेच सर्जन. आणि शर्टाची बटणं लागेनात, चालताना तोल जातोय, लघवीवर ताबा राहत नाहीये, तर हा नसेचा नाही, मज्जारज्जूचा प्रश्न आहे, त्याच दिवशी दाखवा.

वाकडच्या पेशंटचं आम्ही दर आठवड्याला तेच ढकलणं तपासलं. पाचव्या आठवड्यात कळ बरीच उतरली, ट्रायसेप्स जवळजवळ डाव्याच्या बरोबरीला आला, मधल्या बोटाच्या टोकाला थोडं बधिर राहिलंय, ते महिनोन्‌महिने रेंगाळू शकतं. तसं झालं नसतं तर सर्जनशी बोलणं सी६-७ पुरतंच झालं असतं: समोरून गादी काढून मणके जोडायचे, की कृत्रिम गादी बसवायची, की मागून नसेचं भोक मोठं करायचं. कुणी त्याच वेळी सी५-६ पण उरकून घेऊ म्हणालं, तर त्याची खूण हातात कुठे दिसतेय हे सरळ विचारा.