ग्रुप फोटोत चेहरा बदललाय, आता व्हॉट्सॲपवर पाठवायचा कसा: साधा फोटो, एचडी की डॉक्युमेंट?

साखरपुड्याचा वीस जणांचा फोटो, सगळे मस्त आलेत आणि नेमके काकूंचे डोळे मिटलेले, मग त्याच वेळी काढलेल्या दुसऱ्या फ्रेममधून काकूंचा चेहरा उचलून इथं बसवायचा, हे काम आता बरेच जण करतात (काकूंना सांगून करा म्हणजे झालं). लॅपटॉपवर एकदम झकास दिसतं. पण फॅमिली ग्रुपवर टाकलं की काकूंचाच चेहरा मेणाचा पुतळा वाटतो आणि बाकीचे एकोणीस ठीक दिसतात.

तर तीन रस्ते आहेत, आणि कुठला घ्यायचा हे ठरवायच्या आधी एकच गोष्ट मोजा: पाठवल्यावर तो चेहरा किती पिक्सेलचा उरणार.

समजा फोटो ६००० बाय ४००० चा आहे आणि काकूंचा चेहरा २४० पिक्सेल रुंद. साध्या पद्धतीनं पाठवला की व्हॉट्सॲप साधारण लांब बाजू १६०० च्या आसपास आणतं, म्हणजे चेहरा उरला ६४ पिक्सेल. जेपेग ८ बाय ८ च्या चौकोनांत काम करतं, म्हणजे अख्खा चेहरा आडवा आठ चौकोनांत. त्यात रंगाची माहिती बहुतेक वेळा अर्ध्याच रिझोल्युशननं साठवली जाते, म्हणजे रंगाच्या हिशोबानं चेहरा ३२ चाच. त्यामुळे बसवलेल्या चेहऱ्याचा रंग जरासा जरी वेगळा असेल तर तो कानाजवळ नि केसांच्या कडेला पसरतो आणि जोड उघडा पडतो.

साधा फोटो. सगळ्यांना लगेच दिसतो, डेटा कमी लागतो, म्हणून पोर्ट्रेट किंवा चारपाच जणांचा फोटो असेल तर मी हाच पाठवीन. फक्त लहान करायचं काम ॲपवर सोडू नका. जोडकाम पूर्ण साइजवर करा, लेयर फ्लॅटन करा, मग स्वतःच १६०० वर आणा आणि शार्पन अगदी शेवटी, तेही हलकंच, कारण जास्त शार्पन केलं की कडेला पांढरी रेघ येते आणि कॉम्प्रेशन तिच्याभोवती घाण करतं. जेपेग क्वालिटी ९० च्या आसपास ठेवा. इथं ग्रेन जुळवत बसू नका, लहान करताना ते बरंचसं सरासरीत जातं आणि उरलेलं कॉम्प्रेशन खाऊन टाकतं. पण एक फ्रेम टक्क फोकसमध्ये आणि दुसरी जरा हललेली असेल तर तो फरक मात्र बऱ्याचदा टिकतो, म्हणून आधी दोन्हींचा मऊपणा आणि रंग जुळवा.

एचडी. २०२३ पासून आलंय, पाठवताना वर एचडी निवडायचं. तरी हे ओरिजिनल नाही बरं का, कॉम्प्रेशन इथंही होतंच, फक्त पिक्सेल जास्त राहतात. आपल्या वीस जणांच्या फोटोला हाच रस्ता बरा. पण चेहरा मोठा राहिला की ग्रेनमधला फरकही दिसायला लागतो, काकूंचा गाल गुळगुळीत आणि शेजारच्या मामांचा गाल दाणेदार असं होतं, तेव्हा इथं बसवलेल्या चेहऱ्यावर थोडं ग्रेन टाकावंच लागतं.

डॉक्युमेंट. फाइल जशीच्या तशी जाते. प्रिंट काढायची असेल, अल्बमवाल्याला द्यायचं असेल तर दुसरा विचारच नको. तोटा असा की ती फोटोसारखी चॅटमध्ये मोठी दिसत नाही, आजी ती उघडणारच नाही, आणि फोटोत लोकेशन साठवलेलं असेल तर तेही सोबत जातं, ते आधी काढून टाका.

मध्येच कोणीतरी सांगतं पीएनजी करून पाठव, क्वालिटी जात नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर खरंय, फोटो म्हणून पाठवलं तर ॲप त्याचंही जेपेगच करतं, मग काय उपयोग.

कुठलाही रस्ता घ्या, एक्सपोर्ट करताना रंग एसआरजीबीत बदलून घ्या. ॲडोबी आरजीबीत ठेवलेला फोटो प्रोफाइल गळून पडली की फिका दिसतो, आणि त्वचेवर ते पहिलं कळतं.

ग्रुपवर टाकायच्या आधी स्वतःलाच मेसेज करून बघा, ज्या फोनवरून पाठवणार त्याच फोनवरून. आलेला फोटो झूम करा आणि डोळे बघू नका, कपाळावरची केसांची कड आणि जबड्याखालचा मानेचा भाग बघा, शेजारच्या माणसाशी ताडून. तिथं चौकोनी ठिपके किंवा राखाडी पट्टा दिसला तर मास्कची कड जरा जास्त मऊ करून आणि मानेचा थोडा भागही त्याच दुसऱ्या फ्रेममधून घेऊन परत एक्सपोर्ट करा, म्हणजे जोड कॉलरच्या रेषेवर जाऊन लपतो. आणि नवीन एक्सपोर्ट नेहमी मूळ फाइलमधून, व्हॉट्सॲपवरून सेव्ह केलेल्या फोटोवर परत काम केलं तर तो दुसऱ्यांदा दाबला जाणार आणि पहिला जाणार तो काकूंचाच चेहरा.