भाड्याची सरासरी की मध्यक?

भाची अकरावीला आहे. संख्याशास्त्राच्या प्रकल्पासाठी तिने आमच्या गल्लीतली नऊ भाडी वहीत उतरवली, हजारांत: 8, 9, 9, 10, 11, 12, 13, 13, 41. "मामा, सरासरी लिहू की मध्यक?"

बेरीज 126, म्हणून सरासरी 14 हजार. गंमत बघा, नऊपैकी आठ घरं त्याहून स्वस्त! मध्यक म्हणजे चढत्या क्रमातली पाचवी संख्या, 11 हजार. 41 च्या जागी 80 आले तरी ती जागची हलत नाही.

पसाऱ्याचंही तेच. प्रमाण विचलन, म्हणजे भाडी सरासरीपासून साधारण किती लांब पसरलीत त्याचं माप, सुमारे 9.7 हजार येतं, कारण 41 चा सरासरीपासूनचा फरक 27 आणि त्याचा वर्ग 729. सगळ्या वर्गांची बेरीजच 846. चढत्या क्रमातल्या भाड्यांचे चार सारखे भाग पाडले तर पहिल्या आणि तिसऱ्या भागाच्या शेवटच्या हद्दी म्हणजे चतुर्थकं, ती मात्र 9 आणि 13, म्हणजे मधली निम्मी घरं त्या चार हजारांच्या पट्ट्यात.

41 खोडून टाकायची घाई नको. आधी विचारा: लिहिताना 14 चे आकडे उलटे पडून 41 झालेत का? तो अख्खा बंगला आहे का? आमच्याकडे बंगलाच निघाला. तो वगळून सरासरी 10.6, मध्यक 10.5, मग भांडणच नाही. पण वगळल्याचं प्रकल्पात लिहायचं.

खोली शोधणाऱ्याला मध्यक आणि चतुर्थकं सांगा. गल्लीतलं एकूण भाडं किंवा कारखान्याचा पगारखर्च काढायचा असेल तर सरासरीच घ्या. तिला संख्येने गुणलं की बेरीज परत मिळते, मध्यकातून ती मिळत नाही.