ब्लूटूथवर रिदम गेम: सात-आठ महिने खेळल्यानंतर

गेमचं नाव लिहीत नाही, कारण ही तक्रार त्या एकट्याची नाही. चार लेन, वरून खाली सरकणाऱ्या नोट्स, तळाशी एक रेघ. नोट रेघेवर आली की टॅप. गाणी छान आहेत, चार्ट मेहनतीने बनवलेत, जाहिराती सोसवतात. फुकटात एवढं मिळतंय म्हटल्यावर कुरकुर करू नये. पण आवाज आणि नोट्स जुळवण्याच्या बाबतीत त्याने मला इतकं पिडलंय की अख्खा रिव्ह्यू त्यावरच लिहितोय.

माझा रोजचा प्रवास ठाणे ते कोपरखैरणे. गाडीत बसायला मिळालं की कानात ब्लूटूथ इअरबड. घरी वायरचे इअरफोन, नाहीतर सरळ फोनचा स्पीकर. रविवारी ऐरोलीला ताईकडे गेलो की भाचा टॅबवर माझंच अकाउंट उघडून बसतो. अकाउंट एकच, पण आवाज बाहेर पडायच्या वाटा चार, आणि प्रत्येक वाटेला लागणारा वेळ वेगळा.

गेमने आवाज सोडल्यापासून तो कानात पडेपर्यंत जो उशीर होतो, ती लेटन्सी. वायरवर तो कमी असतो, तरी शून्य नसतो, कारण फोन आवाज थोडा साठवून मगच पुढे ढकलतो. ब्लूटूथमध्ये आवाज आधी कॉम्प्रेस होतो, मग हवेतून जातो, मग इअरबड तो उलगडतो. शिवाय मध्येच सिग्नल तुटला तर खरखर ऐकू येऊ नये म्हणून इअरबड आपल्याकडे थोडा साठा ठेवतो. या सगळ्याचे मिळून साध्या इअरबडवर दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद सहज होतात. नुसतं गाणं ऐकताना हे कधीच जाणवत नाही. व्हिडिओतही नाही, कारण व्हिडिओ ॲपला हा उशीर सिस्टीमकडून कळतो आणि ते चित्र तेवढं थांबवून दाखवतं. त्यामुळे ‘यूट्यूबवर ओठ बरोबर हलतात, म्हणजे माझे बड ठीक आहेत’ या तर्काला इथे अर्थ नाही. गेममध्ये बोटाला थांबवून ठेवता येत नाही.

आता आकडे घेऊन पाहू. १५० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १५० ठोक्यांचं गाणं घेतलं तर दोन ठोक्यांमधलं अंतर ४०० मिलिसेकंद. एका ठोक्याचे चार भाग केलेल्या भरधाव नोट्स, म्हणजे सिक्स्टीन्थ, दर १०० मिलिसेकंदांनी येतात. या गेममध्ये ‘परफेक्ट’ला दोन्ही बाजूंना साधारण ४० मिलिसेकंदांची सूट आहे. इअरबडचा उशीर २०० असेल आणि तुम्ही कानावर भरवसा ठेवून खेळत असाल, तर तुमचा प्रत्येक टॅप बरोब्बर दोन नोटा मागे पडतो. गंमत अशी की सलग सिक्स्टीन्थच्या रांगेत तो टॅप दोन घरं पुढच्या नोटवर अगदी वेळेत बसतो. लेन जुळली तर गेम त्याला ‘परफेक्ट’ देऊन मोकळा होतो. निकालाच्या पानावर सरासरी चूक जवळजवळ शून्य, पण प्रत्येक रांगेच्या सुरुवातीला दोन मिस आणि शेवटी दोन टॅप वाया. हा नमुना दिसला की हात चुकत नाहीयेत, आवाज मागे आहे, हे ओळखावं. म्हणूनच ऑफसेट, म्हणजे हा उशीर भरून काढायचा सेटिंगमधला आकडा, लावताना अवघड गाणं घेऊ नये. सुटसुटीत, ठोक्याला एकच नोट असलेलं सोपं गाणं घ्यावं, म्हणजे चुकीच्या नोटवर टॅप बसायची सोयच राहत नाही.

गेममध्ये स्वतःचं कॅलिब्रेशन आहे: टकटक ऐका आणि तालावर टॅप करा. ते कामचलाऊ आहे. त्या आकड्यात आवाजाचा उशीर, स्क्रीनच्या टचचा उशीर आणि तुमची सवय या तिन्हींची खिचडी होते. तालावर टॅप करताना बहुतेक माणसं ठोक्याच्या किंचित आधीच बोट टेकवतात. हे प्रयोगांमधून वारंवार दिसलेलं आहे. त्यामुळे तिथून मिळालेला आकडा सुरुवातीला ठीक, त्यापुढे नाही.

मी आता असं करतो. गेममध्ये दोन सेटिंग आहेत. जजमेंट ऑफसेट हा टॅप कोणत्या क्षणी बरोबर धरायचा ते सरकवतो. ऑडिओ ऑफसेट हा नोट्सच्या तुलनेत गाणं किती आधी सुरू करायचं ते ठरवतो. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून सोपं गाणं नुसतं डोळ्यांनी खेळतो. माझ्या फोनवर सरासरी २८ मिलिसेकंद ‘लेट’ येते. हा स्क्रीन आणि टचचा उशीर; कोणता हेडफोन आहे याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तेवढा आकडा जजमेंटमध्ये टाकला की सरासरी शून्याशी येते, आणि ते सेटिंग परत हलवायचं नाही.

मग आवाज चालू करून तेच गाणं. सरासरी पुन्हा ‘लेट’कडे सरकली तर कान बोटाला मागे ओढतोय, म्हणजे गाणं अजून आधी सुटायला हवं. ‘अर्ली’कडे सरकली तर उलट. दहा-दहा मिलिसेकंदांनी ऑडिओ ऑफसेट बदलत जायचं, आवाज बंद असतानाची सरासरी आणि चालू असतानाची सरासरी एक होईपर्यंत. माझ्याकडे वायरवर ६० आले, स्पीकरवर ७५, इअरबडवर २३०, आणि त्याच इअरबडचा उशीर कमी करणारा गेम मोड लावल्यावर ११०. हे आकडे उचलून तुमच्या फोनवर टाकू नका, उपयोग होणार नाही. अधिक-उणे चिन्हाचा अर्थही प्रत्येक गेममध्ये सारखा नसतो. आधी मुद्दाम भलामोठा आकडा टाकून गाणं नोट्सच्या पुढे पळतं की मागे रेंगाळतं ते बघून घ्यावं.

एवढं करूनही ब्लूटूथवर एक गोष्ट कधीच सुधारत नाही: टॅपचा ‘टिक’ आवाज. गाणं कधी वाजणार हे गेमला आधीपासून माहीत असतं, म्हणून ते २३० मिलिसेकंद लवकर सोडता येतं. तुमचं बोट कधी पडणार हे मात्र बोट पडल्यावरच कळतं. त्यामुळे टिक २३० मिलिसेकंद उशिरानेच ऐकू येणार, ऑफसेट काहीही लावा. आणि तो उशिराचा टिक इतका बेताल वाटतो की नीट लावलेला ऑफसेटही चुकलाय असं वाटून माणूस परत सेटिंगमध्ये शिरतो. इअरबडवर टॅप साउंड बंद. गेम मोडवरसुद्धा मी बंदच ठेवतो. ११० मिलिसेकंदही जाणवतात.

गेम मोडचा तोटा म्हणजे साठा कमी केल्यामुळे आवाज तुटायला वेळ लागत नाही. ठाणे स्टेशनला नऊ-दहा नंबरवर संध्याकाळी प्रत्येकाच्या कानात काही ना काही असतं आणि २.४ गिगाहर्ट्झवर ही झुंबड. तिथे आवाज एकदा ‘टर्र’ करून तुटतो, परत जुळतो, आणि त्यानंतर गाण्याच्या शेवटपर्यंत सगळे टॅप लेट. गाडी सुटून दिघा आलं तरी तेच. पॉज करून पुन्हा सुरू केलं की ठिकाणावर येतं, कारण तेव्हा गेम गाणं नव्याने त्या जागेवर नेऊन ठेवतो. तेव्हा मध्येच एका झटक्यात बिघडलं तर ऑफसेटला हात लावू नका, पॉज करा. स्टेशनात मी साधा मोडच वापरतो.

टॅबची गोष्ट वेगळी आणि जास्त चिडवणारी. पहिली कटकट म्हणजे गेम ऑफसेट अकाउंटसोबत क्लाउडवर ठेवतो. भाच्याने लॉगिन केलं की माझ्या इअरबडचे २३० त्याच्या टॅबच्या स्पीकरवर येऊन बसतात, आणि सोमवारी सकाळी त्याने बदललेला आकडा माझ्या फोनवर. हेडफोन बदलला की माणसाने आकडा लक्षात ठेवून हाताने घालायचा, हे आजच्या काळात अति आहे. फोनला कोणतं यंत्र जोडलंय ते कळतं. त्याच्या नावापुढे ऑफसेट साठवून ठेवायला काय हरकत होती?

टॅबवर ऑफसेट नीट लावून दिला तरी भाचा म्हणे, “मामा, सुरुवातीला बरोबर असतं, पण शेवटी नोट्स मागेच राहतात.” मला आधी वाटलं, दमत असेल. मग निकालाचा आलेख उघडून पाहिला. ठिपके सुरुवातीला शून्याच्या रेघेभोवती आणि पुढे हळूहळू ‘अर्ली’कडे उतरत गेलेले, चार मिनिटांच्या गाण्यात शेवटी चाळीसच्या आसपास. ऑफसेट चुकला असता तर सगळेच ठिपके एका बाजूला सारखे सरकले असते. आलेख तिरका होता, म्हणजे दोन घड्याळं वेगवेगळ्या वेगाने चालत होती. ऑडिओ चिप आणि प्रोसेसर यांच्या घड्याळांत थोडा फरक असतोच, पण तो दहा लाखांत काही दहांचा. ५० धरला तरी चार मिनिटांत १२ मिलिसेकंद, चाळीस नाही. बाकीचा दोष नोट्स पुढे सरकवण्याच्या पद्धतीचा असणार. प्रत्येक फ्रेमला ठरावीक वेळ मोजत नोट्स सरकवल्या, तर टॅबने फ्रेम गाळली की तेवढा वेळ हिशेबातून जातो, गाणं मात्र थांबत नाही. गाणं नेमकं कुठे आलंय हे ऑडिओलाच विचारून नोट्स त्यावर बांधल्या की हा प्रश्न उरत नाही. पार्श्वभूमीचं ॲनिमेशन आणि टॅपची आतषबाजी बंद केल्यावर तिरकेपणा बराच कमी झाला, यावरून फ्रेमच गळत होत्या असं मी धरून चाललोय. पूर्ण गेला नाही. टॅबवर आम्ही आता दोन मिनिटांची गाणीच खेळतो.

गेमला पाचपैकी साडेतीन. गाण्यांसाठी चार दिले असते. अर्धा तारा क्लाउडवाल्या ऑफसेटचा कापला. इअरबडला तीन, गेम मोड गर्दीत टिकत नाही म्हणून. फक्त रिदम गेमसाठी काही विकत घ्यायचं असेल तर वायरचे साधे इअरफोन घ्या. फोनला जॅक नसेल तर टाइप-सी कन्व्हर्टर लावा आणि त्याचा ऑफसेट वेगळा काढा. कन्व्हर्टर बदलला की पुन्हा काढा.